जीपीएस घड्याळ सोमवारी-शनिवारी बरोबर, बाकीचे दिवस तीन सेकंद पुढे: कारण आणि उपाय

जीपीएसवर चालणारं घड्याळ दोन-तीन सेकंद पुढे असतं, थोड्या वेळाने आपोआप बरोबर होतं आणि काही दिवसांनी पुन्हा पुढे गेलेलं सापडतं, ही तक्रार जुनी आहे. बहुतेक जण अँटेना बदलतात, मॉड्यूल बदलतात किंवा कोडमधून सरळ तीन सेकंद वजा करतात. मी हे तिन्ही केलं. शेवटी दोष सापडला तो वेगळ्याच ठिकाणी, आणि त्यात अर्धी चूक माझी होती.

घड्याळ एका वाचनालयासाठी बनवलं होतं. भिंतीवर मोठे लाल आकडे, आत एक छोटा कंट्रोलर, जीपीएसचं जुनं स्वस्त मॉड्यूल आणि वेळ धरून ठेवायला आरटीसी चिप. रात्री वीज वाया नको म्हणून वाचनालयाने घड्याळाला टायमरचं सॉकेट लावलेलं. सकाळी बरोबर ६ वाजता चालू, रात्री बंद. माझा कोड चालू झाल्यावर दोन मिनिटं थांबायचा, म्हणजे तोवर मॉड्यूलला उपग्रह सापडतील. मग जीपीएसकडून वेळ घेऊन आरटीसीत भरायचा आणि दिवसभर आरटीसीवर चालायचा. एकदा घेतलेली वेळ दिवसभर पुरेल, हा माझा हिशेब. चांगली आरटीसी दिवसात सेकंदाच्या लहानशा अंशानेच चुकते, त्यामुळे हिशेब तसा वाईट नव्हता.

तिथे रोज पेपर वाचायला येणारे एक काका मोबाइल हातात धरून घड्याळाकडे बघत बसायचे. त्यांनी सांगितलं, "तुमचं घड्याळ तीन सेकंद पुढे आहे." मी गेलो, लॅपटॉप दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या `time.nplindia.org` या सर्व्हरशी जुळवला आणि पाहिलं. खरंच तीन सेकंद पुढे. अर्धा नाही, अडीच नाही, नेमके तीन. घरी येऊन कोडमध्ये तीन वजा केले. दुसऱ्याच दिवशी काकांचा फोन: आज तीन सेकंद मागे आहे. तो सोमवार होता.

त्यांनी मग स्वतःच वहीत नोंदी ठेवायला सुरुवात केली. दोन आठवड्यांनी वही दाखवली तेव्हा मी गार पडलो. वजाबाकी काढून टाकली तर सोमवारी आणि शनिवारी घड्याळ अचूक, आणि इतर पाच दिवस तीन सेकंद पुढे. वाराप्रमाणे चुकणारं इलेक्ट्रॉनिक घड्याळ मी तरी पाहिलं नव्हतं.

उपग्रहाची वेळ आणि आपली वेळ

इथे थोडं मागे जावं लागतं. जीपीएसचे उपग्रह आपल्याला घड्याळातली वेळ सांगतच नाहीत. ते मोजत असतात ६ जानेवारी १९८० च्या मध्यरात्रीपासून, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्रीपासून, किती आठवडे झाले आणि चालू आठवड्यात किती सेकंद गेले. ही मोजणी कधी थांबत नाही, कधी अडखळत नाही.

यूटीसी मात्र अडखळते, मुद्दाम. पृथ्वीचं फिरणं अणुघड्याळाइतकं काटेकोर नाही, म्हणून अधूनमधून यूटीसीत एक जादा सेकंद घालतात. त्याला लीप सेकंद म्हणतात. १९८० मध्ये जीपीएसची मोजणी सुरू झाली त्यानंतर असे १८ सेकंद घातले गेले. शेवटचा आला तो १ जानेवारी २०१७ ला. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेपाच वाजत होते आणि भारतीय वेळेत ५:२९:५९ नंतर ५:२९:६० असा एक सेकंद आला.

जीपीएसने हे सेकंद घेतले नाहीत, कारण तिचं मुख्य काम अंतर मोजणं आहे आणि ते अंतर सिग्नलला लागलेल्या वेळेवरून निघतं. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. मोजणीत मध्येच एक सेकंद घुसवायचा तर आकाशातल्या आणि जमिनीवरच्या प्रत्येक हिशेबाला तो त्याच क्षणी कळायला हवा. त्यापेक्षा मोजणी सलग ठेवावी आणि फरक किती तो आकडा वेगळा कळवावा, हे सोपं. म्हणून आज जीपीएसची वेळ यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. आपल्या नाविक यंत्रणेची मोजणीही जीपीएसशी जुळवूनच ठेवली आहे, तिथेही हाच फरक. रशियाची ग्लोनास यंत्रणा थेट यूटीसी धरून चालते.

म्हणजे रिसीव्हर दोन पायऱ्या चढतो. उपग्रहाच्या वेळेतून १८ वजा केले की यूटीसी. यूटीसीत साडेपाच तास, म्हणजे १९,८०० सेकंद मिळवले की भारतीय वेळ. दुसरी पायरी बहुतेक मॉड्यूल चढतच नाहीत, ते यूटीसी देऊन मोकळे होतात आणि साडेपाच तास आपण कोडमध्ये मिळवतो.

आकड्यांत बघू. गुरुवार, २ जानेवारी २०२५, सकाळी ६:००:००. यूटीसीत तेव्हा ००:३०:००. आठवडा रविवारपासून धरला तर गुरुवार म्हणजे चार दिवस पूर्ण, ३,४५,६०० सेकंद, अधिक अर्ध्या तासाचे १,८००, मिळून ३,४७,४०० सेकंद. उपग्रह मात्र त्या क्षणी सांगतो ३,४७,४१८. रिसीव्हरने १८ वजा केले तर ६:००:००. त्याने १५ वजा केले तर ६:००:०३.

माझं मॉड्यूल १५ च वजा करत होतं.

हे १५ कुठून आले

मॉड्यूलच्या फर्मवेअरमध्ये, ते लिहिलं गेलं त्या काळातला फरक कोरलेला असतो. १ जानेवारी २००९ पासून जून २०१२ अखेरपर्यंत हा फरक १५ होता. जुलै २०१२ ला १६, जुलै २०१५ ला १७, आणि २०१७ च्या सुरुवातीपासून १८. तेव्हा २००९ ते २०१२ दरम्यानचं फर्मवेअर चालू होताच ३ सेकंद पुढची वेळ दाखवतं, त्यानंतरचं २ किंवा १ सेकंद पुढची. बाजारात अजून मिळणाऱ्या स्वस्त मॉड्यूलांवर असं जुनं फर्मवेअर सर्रास असतं. चुकीचा आकडा बघून फर्मवेअरचा काळ सांगता येतो.

रिसीव्हर या कोरलेल्या आकड्यावर कायम बसत नाही. उपग्रहाकडून ताजा आकडा आला की तो घेतो आणि घड्याळ एकदम तीन सेकंद मागे येतं. प्रश्न एवढाच की तो आकडा कधी येतो. वाराचं कोडं इथेच सुटलं.

जीपीएसचा मूळ संदेश सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने येतो. आठवड्यातला सेकंद दर ६ सेकंदांनी सांगितला जातो. उपग्रह स्वतः नेमका कुठे आहे ते दर ३० सेकंदांनी. बाकीची माहिती २५ पानांत विभागलेली असते आणि दर ३० सेकंदांना त्यातलं एकेक पान येतं. सगळी पानं व्हायला साडेबारा मिनिटं, म्हणजे ७५० सेकंद. दर ३० सेकंदांत सहा-सहा सेकंदांचे पाच उपभाग येतात आणि यूटीसीचा फरक असतो चौथ्या उपभागाच्या १८ व्या पानावर. ७५० सेकंदांत एकदा, आणि तेही फक्त ६ सेकंद.

शिवाय सगळे उपग्रह एकच पान एकाच वेळी पाठवतात. दहा उपग्रह दिसत असले तरी दहापट लवकर आकडा मिळत नाही. पान सुटलं की सगळ्यांचंच सुटलं. मोठी अँटेना लावून माझा काही फायदा झाला नाही तो यामुळेच.

हे पान कधी येणार, तेही ठरलेलं असतं. पानांची फेरी दर आठवड्याच्या सुरुवातीला पहिल्यापासून सुरू होते. आपल्याकडे तो क्षण रविवारी पहाटे ५:२९:४२ चा. १८ वं पान प्रत्येक ७५० सेकंदांच्या फेरीत ५२८ व्या सेकंदाला सुरू होतं आणि ५३४ व्याला संपतं. तेव्हा वाट किती बघायची याचं सूत्र असं, यात `TOW` म्हणजे जीपीएस आठवड्यातला सेकंद:

```
wait = (534 - TOW % 750 + 750) % 750
```

गुरुवारी ६ वाजता `TOW` ३,४७,४१८. त्याला ७५० ने भागलं की बाकी १६८. ५३४ मधून १६८ गेले, उरले ३६६. म्हणजे बरोबर आकडा येणार ६ वाजून ६ मिनिटं ६ सेकंदांनी. माझा कोड ६:०२ ला वेळ घेऊन आरटीसीत भरून मोकळा. चार मिनिटांनी मॉड्यूल सुधारायचं, पण तोवर त्याला कोणी विचारतच नव्हतं. तीन सेकंदांची चूक दिवसभर आरटीसीत जशीच्या तशी.

एका दिवसात ८६,४०० सेकंद, आणि त्याला ७५० ने भागून उरतात १५०. म्हणून रोज त्याच वेळी चालू केलं तरी पान दुसऱ्या दिवशी १५० सेकंद आधी येतं. गुरुवारी ६ मिनिटं ६ सेकंद, शुक्रवारी ३ मिनिटं ३६ सेकंद, शनिवारी १ मिनिट ६ सेकंद. शनिवारी माझ्या दोन मिनिटांच्या आत. रविवारी फेरी नव्याने सुरू होते आणि वाट पुन्हा ३ मिनिटं ३६ सेकंद होते. सोमवारी १ मिनिट ६ सेकंद. मंगळवारी पान नुकतंच निघून गेलेलं, म्हणून ११ मिनिटं ६ सेकंद. बुधवारी ८ मिनिटं ३६ सेकंद.

दोन मिनिटांच्या आत येणारे दिवस दोनच, सोमवार आणि शनिवार. काकांची वही आणि हे गणित ओळीला ओळ जुळलं. टायमर इतका नेमका चालू होत नसता तर हा नमुना दिसलाच नसता, घड्याळ नुसतंच कधी बरोबर कधी चूक असं वाटत राहिलं असतं.

एक मात्र लक्षात ठेवा. ही कमीत कमी वाट आहे. त्या सहा सेकंदांत सिग्नल तुटला, समोरून ट्रक गेला किंवा खिडकीतली अँटेना कोणी हलवली, की पुढचं पान आणखी साडेबारा मिनिटांनी. घरात, पत्र्याखाली तासभर चूक टिकलेली मी पाहिली आहे.

तुमचंही दुखणं हेच आहे का

नेहमीच्या `$GPRMC` किंवा `$GPZDA` या ओळींत वेळ यूटीसी म्हणून येते, पण ती कुठल्या फरकावरून काढली हे त्यांत लिहिलेलं नसतं. कोड लिहिणारे बहुतेक जण `RMC` मधला `A` बघून सगळं ठीक मानतात. तो `A` जागेबद्दल आहे. जागा अचूक आणि वेळ तीन सेकंद चूक, असं खुशाल होऊ शकतं, कारण जागा काढायला या १८ ची गरजच नसते.

ज्या मॉड्यूलना `$PUBX` ने सुरू होणाऱ्या ओळी कळतात त्यांच्यावर तपासणी अगदी सोपी आहे. सीरियल पोर्टवर ही ओळ पाठवा, शेवटी सीआर आणि एलएफ विसरू नका:

```
$PUBX,04*37
```

गुरुवारच्या सकाळी ६ वाजता उत्तराची सुरुवात अशी, आणि सहा मिनिटांनंतर अशी:

```
$PUBX,04,003003.00,020125,347403.00,2347,15D,...
$PUBX,04,003610.00,020125,347770.00,2347,18,...
```

अनुक्रमे वेळ, तारीख, आठवड्यातला सेकंद, आठवड्याचा क्रमांक आणि मग आपल्याला हवा तो फरक. `15D` मधला `D` म्हणजे हा आकडा फर्मवेअरमधला आहे, आकाशातून आलेला नाही. `D` गेला की वेळेवर विश्वास ठेवायचा. एवढी मोलाची खूण एका अक्षरात आहे आणि वर्षभर माझं तिच्याकडे लक्ष गेलं नाही.

यू-ब्लॉक्स कंपनीच्या नव्या मॉड्यूलांत `UBX-NAV-TIMELS` हा संदेश आहे. त्यातलं `srcOfCurrLs` ० असेल तर आकडा कोरलेला, २ असेल तर जीपीएसकडून आलेला. जी नवी मॉड्यूल एकाहून जास्त यंत्रणा ऐकतात त्यांना साडेबारा मिनिटं थांबावं लागत नाही. गॅलिलिओ हा फरक साधारण दर अर्ध्या मिनिटाला सांगते, आणि ग्लोनास दिसली तर तिच्या आणि जीपीएसच्या वेळेतल्या अंतरावरूनच फरक काढता येतो.

फोनला हा त्रास का होत नाही, हे काकांनी विचारलंच. फोनचं घड्याळ मुख्यतः नेटवर्ककडून वेळ घेतं, टाइमझोनसुद्धा तिथूनच ठरतो. शिवाय उपग्रहांची बरीचशी माहिती इंटरनेटवरून आधीच हातात आलेली असते. आमचं भिंतीवरचं घड्याळ बिचारं एकटंच आकाशाकडे कान लावून बसलेलं.

दुरुस्ती

पहिली गोष्ट, कोडमधली ती तीन सेकंदांची वजाबाकी काढून टाका. ती पहिल्या काही मिनिटांची चूक झाकते आणि नंतर उलट्या दिशेची चूक तयार करते. कोणी १८ वजा केलेले असतील तर तेही काढा. `RMC` मधली वेळ आधीच यूटीसी आहे, तिच्यातून पुन्हा १८ काढले तर घड्याळ कायमचं १८ सेकंद मागे पडतं.

दुसरी, आरटीसीत वेळ भरण्याआधी `D` गेला आहे का ते बघा. टायनीजीपीएस प्लस प्लस लायब्ररी वापरत असाल तर सहावा रकाना वाचायचा:

```
TinyGPSCustom leap(gps, "PUBX", 6);

bool utcTrusted() {
  const char *s = leap.value();
  return s[0] != '\0' && strchr(s, 'D') == NULL;
}
```

दर पाच-दहा सेकंदांनी `$PUBX,04*37` पाठवत राहा आणि हे खरं झालं की मगच आरटीसी लावा. त्यानंतर दर तासाला पुन्हा लावा. "दोन मिनिटं थांबा" असल्या अंदाजाने ठरवलेल्या वेळा काढून टाका. दोनच्या तेरा केल्या तरी सुटलेल्या पानाचा प्रश्न राहतोच.

तिसरी गोष्ट बॅटरीची. अशा मॉड्यूलवर छोटी रिचार्ज होणारी बॅटरी असते. ती जिवंत असेल तर वीज गेली तरी मिळालेली माहिती मॉड्यूलच्या स्मृतीत राहते आणि सकाळी कोऱ्या पाटीवर सुरुवात करावी लागत नाही. माझ्या मॉड्यूलवरची बॅटरी कधीच मेलेली होती. मीटर लावलं तर काही दशांश व्होल्ट. बदलली, आणि रोजची वाट जवळजवळ संपली. तरी `D` ची तपासणी मी काढली नाही, बॅटरी पुन्हा मरणारच आहे.

काही जण सुचवतात की `D` असेल तोवर स्वतःच आणखी तीन वजा करा. चालेल, पण मग १८ हा आकडा तुम्ही तुमच्या कोडमध्ये कोरलात, म्हणजे फर्मवेअर लिहिणाऱ्याने केलं तेच केलंत. २०१७ नंतर लीप सेकंद आलेला नाही, आणि २०२२ मध्ये वजनमापांच्या जागतिक परिषदेने २०३५ पर्यंत ही पद्धत बदलायचं ठरवलं आहे, म्हणून बरीच वर्षं हे खपून जाईल. मला ते पसंत नाही इतकंच.

चूक तीन सेकंदांची नसेल तर

नेमके १८ सेकंद पुढे असाल तर कोणीतरी कच्ची जीपीएस वेळ यूटीसी समजून वाचतंय. ड्रोनने मोजणी करणाऱ्यांना हे फार छळतं, कारण रिसीव्हरची कच्ची नोंद जीपीएस वेळेत असते आणि फोटोवरची वेळ बऱ्याचदा यूटीसीत. ड्रोन सेकंदाला १० मीटर उडत असेल तर फोटो १८० मीटर सरकून बसतात.

चूक एका सेकंदापेक्षा कमी आणि थोडी हलती असेल तर ती लीप सेकंदाची नव्हे. वेळेची ओळ सीरियल तारेवरून येईपर्यंत सेकंद उलटून काही काळ झालेला असतो. त्यासाठी मॉड्यूलची पीपीएस पिन वापरा, तिचा ठोका सेकंदाच्या तोंडावर पडतो. आणि तारीख एकदम १९ वर्षं मागे गेली असेल तर तो आठवड्याच्या क्रमांकाचा घोळ. उपग्रह हा क्रमांक फक्त १०२३ पर्यंत मोजून पुन्हा शून्यावर येतो. वरच्या उदाहरणातला २३४७ वा आठवडा प्रत्यक्षात २९९ म्हणून पाठवला जातो आणि दोन फेऱ्या झाल्या हे रिसीव्हरला स्वतः ताडावं लागतं. तो विषय वेगळा आहे.

आता वाचनालयाच्या घड्याळात `D` जाईपर्यंत सेकंदांच्या जागी दोन रेघा दिसतात, तास आणि मिनिटं चालू राहतात. बॅटरी मुद्दाम काढून एका मंगळवारी बघितलं. ६ वाजून ११ मिनिटं ८ सेकंदांनी रेघा गेल्या. काकांनी ती वेळ वहीत लिहून घेतली आणि विचारलं, दोन सेकंद जास्त का? ते माझ्या कोडचे, ओळ दर दहा सेकंदांनीच विचारतो म्हणून.